शिंपीणबाईंनी स्वतःला लावलेला दोष

आमच्या शिंपीणबाई कुणाच्या अंगाला नाव ठेवत नाहीत. ब्लाउज घट्ट झाला तर म्हणतात, "कापड कमी पडलं हो, तुम्ही नाही." स्वतःला मात्र हा न्याय नाही. मी त्यांच्याकडे काज-बटणं करते, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलं.

नवरा बसड्रायव्हर. भला माणूस, पण वर्षभर बाईंच्या जवळ फिरकत नव्हता. पाठदुखीचं निमित्त सांगून टीव्हीसमोरच झोपायचा. बाईंनी निकाल लावून टाकला: मी जाड झाले, त्याचं मन उडालं. मग जेवण निम्म्यावर आणलं, केस रंगवले, नवे गाऊन शिवले. गाऊन दिसला की त्याला हटकून बसचं काम आठवायचं. शेवटी बाईंनीच त्याला हात लावणं सोडलं. मला इतका राग यायचा! कोणाचा, ते मात्र ठरत नव्हतं.

एका दुपारी तो पँटचं माप द्यायला दुकानात आला. बाईंनी कमरेला टेप लावली आणि तो दचकून मागे सरला.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. "एवढी किळस येते माझी?"

मी पडद्याआड सटकले. कान काही बंद करता येत नाहीत.

"किळस? तुझी?" त्याने दुसरं स्टूल ओढल्याचा आवाज आला. "अगं, दोन-तीनदा जमलं नाही मला. तेव्हापासून तू नुसता हात लावलास तरी वाटतं, परीक्षा आली. म्हणून जवळच येत नाही. गाऊन शिवलेस, तर जास्तच धास्ती. मग तू हात लावणंही सोडलंस. म्हटलं, कंटाळली बिचारी."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?" बाई रडत रडत कडाडल्या. "वर्षभर आरशासमोर स्वतःला शिव्या दिल्या मी!"

"लाज वाटली गं."

पडद्याच्या फटीतून दिसलं, रडता रडताच बाईंनी हातातली टेप पाहिली; बोट अजून मापाच्या आकड्यावरच होतं. त्याची कंबर बरीच उतरली होती. "तहान फार लागते ना तुला? रात्री सारखा लघवीला उठतोस ना?"

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरकडे गेले. साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, साखरेने नसा आणि रक्तपुरवठा बिघडतो, त्यातून असं होतं. उरलेलं काम भीती करते. उपाय आहेत, पण आधी साखर आवरू. तोवर नुसतं जवळ बसा, पुढे जायचंच नाही असं ठरवून. आणि बाई, यात तुमच्या दिसण्याचा काही संबंध नाही. हे बाईंनी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

आता साखर उतरतेय. बाकीचं कधी जमतं, कधी नाही, असं बाईच सांगतात. परवा तो चहा घेऊन आला आणि बाईंच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. मशीन थांबलं.

"काय हवंय?"

"काही नाही."

बाईंनी डोळे मिटले आणि मान त्याच्या हातावर टेकली. चहा निवला, पण हात कुणी काढला नाही.