उष्णतेला इंग्रजीत काय म्हणतात

आई आता बरी आहे, म्हणून मला हे चिडून लिहिता येतंय. नसती तर रडत लिहिलं असतं, आणि ते तिला मुळीच आवडलं नसतं.

ती माझ्या धाकट्या भावाकडे कॅनडाला गेली होती. हा पस्तिशीला आला तरी लग्नाचं नाव काढत नाही, आता मीच जाऊन बघते, असं म्हणून गेली. जाऊन दोन महिने झाले असतील. एका सकाळी मी पोळ्या लाटत होते, इथे जयपुरात सीतापुऱ्याच्या फॅक्टरीतल्या ऑफिसला पोचायची घाई, आणि तिचा फोन. तिथली थंडी झाली, भावाच्या फ्रिजमधला शिळा पिझ्झा झाला, मग आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, आठ-पंधरा दिवस झाले, अंगावरून जातंय थोडं थोडं. त्याला सांगू नकोस हं."

तिची पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती. मी गॅस बंद केला. दुपारी ओळखीच्या लेडी डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासायलाच हवं. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं, पण गर्भाशयाचा कॅन्सरही असाच सुरू होतो आणि लवकर कळला तर बरा होतो. ती परत येईपर्यंत थांबू नका, तिथंच दाखवा.

मी भावाला म्हटलं, आईला डॉक्टरकडे ने. कशासाठी ते तिलाच विचार. त्याने विचारलं. आईने सांगितलं, उष्णता झालीय. या पठ्ठ्याने डॉक्टरला जसंच्या तसं सांगितलं, हिच्या बॉडीत हीट आहे. डॉक्टरने ताप बघितला. नव्हता. रक्तदाब बघितला, तोही ठीक. आणखी काही त्रास आहे का, असं विचारल्यावर आईसाहेब हसून म्हणाल्या, "नो नो, ऑल ओके, थँक्यू डॉक्टर." रात्री भावाचा मला मेसेज, ताई टेन्शन मत ले, फीव्हर नाही. कपाळावर हात मारून घेतला मी.

आपल्या माणसांचं हे एक आहे. काय होतंय ते विचारलं की कशामुळे होतंय ते सांगतात. पित्त झालं, वात आहे, गॅस धरला, उष्णता झाली. निकाल आधीच लावून जातात, डॉक्टरने नुसती गोळी लिहायची. इथे जयपुरात चालून जातं, कारण डॉक्टरच्याही घरात कुणीतरी गर्मी-बादी म्हणणारं असतंच. तिथल्या डॉक्टरने काय करावं बिचाऱ्याने?

म्हणून मी यादी करायला घेतली. भाऊ कामावर गेला की फोन लावायचा आणि आईला लिहून घ्यायला लावायचं. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे साधं इंग्रजी, तेही देवनागरीत, कारण तिला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. मळमळतंय, म्हणजे आय फील लाइक व्हॉमिटिंग. चक्कर येते, आय फील डिझी. जळजळ होते, बर्निंग. ठणकतंय, थ्रॉबिंग पेन. कळ येते आणि जाते, द पेन कम्स अँड गोज. धाप लागते, आय गेट आउट ऑफ ब्रेथ. मुंग्या येतात, टिंगलिंग. कणकण वाटते, आय फील फीव्हरिश. भाऊ जन्मला जयपुरात, शिकला हिंदीतून. त्याला कळ आणि ठणका यांतला फरक माहीत नाही, त्याच्या लेखी सगळंच दर्द. त्याच्या भरवशावर सोडलं असतं तर आई जन्मभर बॉडी हीट घेऊन हिंडली असती.

शिवाय तिला पढवलं. कुठे ते बोट ठेवून दाखव. किती दुखतं विचारलं तर दहापैकी आकडा सांग, 'बरंच' म्हणू नकोस. कधीपासून विचारलं तर 'संक्रांतीच्या आधी' सांगू नकोस, आठवडे किंवा महिने सांग. सगळं लिहून घेतलं बाईने. मग मी मुख्य ओळ सांगितली, अंगावरून जातं, आय ॲम ब्लीडिंग फ्रॉम द व्हजायना. पलीकडे पेन थांबलं.

हे मी लिहिणार नाही, म्हणाली. मी म्हटलं, अगं आई, तिथं देवनागरी वाचणारं आहे कोण? ती म्हणाली, तुझा भाऊ. दोन दिवस वाद घातला. वाकडातिकडा एक शब्द लिहायला तयार होईना. यादीत सगळे रोग होते, तिचा सोडून.

तरी मी भावाला दम देऊन दुसऱ्यांदा पाठवलंच. डॉक्टरसमोर बसलात की मला फोन लाव, म्हटलं. त्यांचा नंबर लवकर लागला आणि फोन आला तेव्हा मी नुकतीच ऑफिसमधून निघालेली, फॅक्टरीच्या फाटकाबाहेर, स्कूटरवर. सुटीची वेळ. बस भरत होत्या, मागून एकजण हॉर्न वाजवून वाजवून सांगत होता, मॅडम, गाडी साइड में लगाओ. मी लावली.

फोन स्पीकरवर होता. आई यादी वाचत होती. मळमळ, चक्कर, मुंग्या, जे तिला होतच नव्हतं ते सगळं. मी ओरडून थांबवलं तर मराठीत पुटपुटली, "हा इथं बसलाय, आणि डॉक्टरही पुरुष आहे." माझा संयम संपला. मी सरळ डॉक्टरला इंग्रजीत म्हटलं, कृपा करून माझ्या भावाला बाहेर पाठवा, आईला खाजगी सांगायचंय. डॉक्टर लगेच हो म्हणाला. भाऊ मात्र विचारत होता, ताई, मग ट्रान्सलेट कोण करणार? तू आधी ऊठ, म्हटलं. दार लागल्याचा आवाज आला.

मी सांगायला तोंड उघडलं तर डॉक्टरने मलाही थांबवलं. मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय, अडल्या तर तुम्ही मदत करा, म्हणाला. झालं, आता ही पुन्हा ऑल ओके म्हणणार, असं वाटून मी स्कूटरच्या सीटवर हात आपटला. फाटकावरचा चौकीदार बघायला लागला.

आईने घसा साफ केला. "डॉक्टर, ब्लीडिंग. डाउन. लेडीज प्लेस. पीरियड स्टॉप, टेन इयर."

तिने यादीत न लिहिलेलं तिचं तिनंच सांगितलं. डॉक्टरने सावकाश, सोप्या शब्दांत विचारलं, दुखतं का. नो पेन. किती जातं. स्मॉल, समटाइम बिग. मी मध्ये एक अक्षर बोलले नाही. त्याने सांगितलं, सोनोग्राफी करू, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवतो, आतल्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासतील. मी ते तिला मराठीत सांगितलं. हो, करू, म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्याने विचारलं, हे सुरू कधी झालं?

पंधरा दिवस, मी मनात म्हटलं. फार तर तीन आठवडे.

"फोर मंथ," आई म्हणाली. "नॉट हिअर. जयपूर. डॉटर हाउस."

चार महिने. तिकडे जाऊन दोनच झाले होते. त्याआधी ती माझ्या घरात होती. दोन खोल्यांचं क्वार्टर, एकच बाथरूम, एकाच तारेवर वाळणारे कपडे. मीच तिची बॅग भरली होती. डॉक्टरने मला विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का?

माझ्या वतीने आईनेच उत्तर दिलं. "डॉटर नॉट नो. इफ टेल, शी कॅन्सल टिकिट."

आणि मी केलंच असतं.