पदराआडचे शब्द

एकाहत्तरचा डिसेंबर, लढाईचे दिवस. जबलपूरला कारखान्याच्या क्वार्टरांत हेमलता बालवाडी चालवायची. नवरा शशिकांत त्याच कारखान्यात तोफगोळे भरायच्या कामावर होता. बॉम्ब पडलाच तर आधी इथंच पडणार, असं जो तो बोलायचा, आणि हेमलता दिवसभर हल्ल्याच्या भोंग्याकडे कान लावून असायची.

मुलांना ती अक्षरं दाखवायची नाही. आधी कान तयार करायची. शब्दाचे जितके तुकडे तितक्या टाळ्या: पपईला तीन, बेबीला दोन. ‘माळ’ला जुळणारं काय? ‘बाळ’. शब्द कशानं सुरू झाला? साडेचार वर्षांची पुष्पा टाळ्या वाजवायची, पण बाकीच्यांपेक्षा किंचित उशिरा. धीमी असेल, असं हेमलताला वाटायचं.

त्या दिवशी अकराला भोंगा वाजला. सरावाची सूचना नव्हती. हेमलतानं मुलांना अंगणातल्या खंदकात उतरवलं, डोकी मोजली. एक कमी. ती धावत वर आली. पुष्पा दाराकडे पाठ करून निवांत ठोकळे रचत होती. कारखान्याकडून भोंगा घुमतच होता. हेमलतानं तीनदा हाक मारली. पोर वळली नाही. तिनं पोरीला उचललं आणि पळाली.

खंदकात मुलं रडत होती. धूळ उडत होती म्हणून तिनं पदर तोंडावर धरला आणि खेळ सुरू केला. “पाणी. कशानं सुरू होते?” “प!” मुलं ओरडली. पुष्पा गप्प, तिच्या तोंडाकडे टक लावून. हेमलतानं पदर काढला. तिला जवळ घेऊन एकटीलाच विचारलं, “माळ कशानं सुरू होते?”

“ब,” पुष्पा म्हणाली.

हेमलताला एकदम उमगलं. प, ब, म, तिन्ही ओठ मिटूनच निघतात. पोरगी ऐकत नव्हती, ओठ बघत होती. टाळ्याही दुसऱ्यांच्या हातांकडे बघून वाजवत होती.

धोका टळल्याचा भोंगा वाजला, तरी तिची धास्ती ओसरेना. संध्याकाळी ती पुष्पाच्या आईकडे, अनसूयाकडे गेली. अनसूयाला ते पटेना.

“धीट आहे जी माझी पोरगी. फटाक्यालाही भीत नाही.”

“भीत नाही कारण तिले ऐकू नाही येऊन राहिलं, ताई.”

अनसूयानं पोरीला पाठीमागून हाक मारून पाहिली; ती वळली नाही. दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. थंडी-पडशानं दोन्ही कान आतून भरले होते. डॉक्टरांनी औषध दिलं, पुढं कान साफ केले. होळीपर्यंत उजवा कान सुधारला. डावा मात्र मंदच राहिला.

अनसूया तिच्या पाया पडायला आली, तेव्हा हेमलताला वेगळीच धडकी भरली. दोन वर्षांपूर्वी बंडू नावाचा एक मुलगा होता, टाळ्यांत नेहमी मागं. “याला बुद्धी कमी,” असं तिनं त्याच्या वडिलांना सांगून टाकलं होतं. त्यालाही ऐकूच येत नसेल तर? ते कुटुंब आता जवळच्या सिहोऱ्याला होतं.

रविवारी तिनं सिहोऱ्याची बस धरली. बंडूचे कान तपासून घ्या म्हटल्यावर वडील काय म्हणतील, याचा विचार ती वाटभर करत राहिली.