काकांच्या फोनवर आलेलं ‘नागपूर’

काकांना न विचारता मी त्यांच्या मेलच्या खात्यात शिरलो. तेही पांढुर्ण्यातल्या एका फोटो स्टुडिओच्या कम्प्युटरवरून.

पासवर्ड मला ठाऊक होता, कारण तो मीच ठेवून दिलेला. दुसऱ्या दिवशी सौसरला काकूचं वर्षश्राद्ध होतं आणि मला मोठी फ्रेम नेऊन काकांना चकित करायचं होतं. फोटोही ठरलेला होता. जामसावळीला दर्शन झाल्यावर काकू संत्रं सोलत कोणावर तरी हसते आहे, तो. काकूचे सगळे फोटो त्या खात्यातच होते. फोन भरला म्हणून फोनमधले मीच काढून टाकले होते आणि त्याबद्दल काकांकडून चहाही घेतला होता.

पासवर्ड टाकला तर स्क्रीन म्हणाली, तुमच्या फोनवर विचारणा पाठवली आहे. तुमच्या म्हणजे काकांच्या. तिकडे सौसरला त्यांच्या हातातला फोन थरथरला: कोणीतरी तुमच्या खात्यात येऊ पाहतंय, तुम्हीच आहात का? खाली जागा लिहिलेली, नागपूर. काकांनी ‘नाही’ दाबलं.

मी घाईनं मेसेज केला: ‘काका, मीच आहे. पांढुर्ण्यात आहे. आता परत येईल, हो दाबा. लवकर करा.’

चोरही हेच लिहितो, तेही याच घाईनं. आणि ‘लवकर करा म्हणेल तो चोर समजा’ हे काकांकडून दिवाळीत मीच घोकून घेतलं होतं. काका निवृत्त मास्तर. पाठ केलेलं विसरत नाहीत.

मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला, त्यांनी कट केला. मग सौसरहून चुलत बहिणीचा फोन आला. ती दुसऱ्या काकांची मुलगी, या काकांच्या मागच्याच गल्लीत राहते आणि तिथल्या शाळेत शिकवते.

“दादा, तू काय करून राहिला? काका म्हणतात, तुझा फोन चोरानं धरला. तू पांढुर्ण्यात अन् इथं नागपूर दिसून राहिलं. मोबाईलच्या दुकानात चालले, खातंच डिलीट करतो म्हणतात.”

खातं गेलं की काकू गेली, ती दुसऱ्यांदा, आणि या वेळी माझ्या हातानं. डिलीट केलेलं परत मिळतं की नाही, मला माहीत नव्हतं. स्टुडिओवाला विचारत होता, कागद मॅट की ग्लॉसी.

“अडव त्यांना,” मी म्हणालो. आवाज रडका झाला होता.

“मी शाळेत आहो. थांब, लिहून पाठवतो. तू काही लिहू नको.”

तिनं लिहिलेलं मलाही पाठवलं:

‘काका, तुम्ही नाही दाबलं ते बरोबर केलं. चोरी नाही झाली. दादा पांढुर्ण्याच्या फोटोच्या दुकानातून तुमच्या खात्यात शिरून राहिला होता. तो कम्प्युटर खात्यासाठी नवा, म्हणून तुम्हाले विचारलं. नागपूर दिसलं कारण जागा इंटरनेटवरून अंदाजानं दाखवते, कधी जवळचं मोठं गाव येते. खातं डिलीट करू नका, काकूचे फोटो त्यातच आहेत. पण माझंही खरं मानू नका. तुम्हीच दादाले फोन लावा अन् काकू त्याले काय म्हणे ते विचारा. बरोबर सांगितलं तर त्याले परत करू द्या. त्याच्या स्क्रीनवर एक आकडा येईन, तुमच्या फोनवर तीन. तो सांगन तोच दाबा. जरा शंका आली तर नाही दाबा. नाही दाबल्यानं फोटो जात नाहीत.’

तिनं सांगितलं, मेसेजपुढे दोन टिक्स आल्या पण वाचल्याच्या निळ्या होत नाहीत. काका रस्त्यात असतील. त्या दुकानात खातं उडवायला किती वेळ लागतो, याचा मी हिशेब करत बसलो. जामसावळीच्या मारुतीला नवस बोललो. कशाचा, ते आता आठवत नाही.

फोन वाजला. काका.

“काकू तुले काय म्हणे?”

दुकानात लग्नाचा अल्बम निवडायला आलेलं अख्खं कुटुंब बसलेलं. मी तोंडावर हात धरून म्हणालो, “दीडशहाणा.”

“आयकू नाही आलं. इथं दुकानात गर्दी आहे.”

“दीडशहाणा, काका,” मी मोठ्यानं म्हणालो. नवरी हसली.

मग काका म्हणाले, “कर परत. आकडा सांग.”

मी सांगितला. त्यांनी दाबला. स्क्रीनवर काकू आली, हातात संत्रं घेऊन. फोटो घेतल्यावर मी त्या कम्प्युटरवरून लॉगआउट केलं, दोनदा तपासून.

दुसऱ्या दिवशी फ्रेमला हार घालून काका तिच्यासमोर बसून राहिले. मी जवळ सरकलो. वाटलं, आता पाठीवर हात पडेल.

“मांगितला असता तर मी फोनवरूनच पाठवला असता,” काका म्हणाले. “अन् काकू तुले दीडशहाणा म्हणे न, थे काही लाडानं नव्हती म्हणत.”