पोटाचा आराखडा अरबीत

सांगलीच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवत होते, तेव्हा एका अरब देशातल्या मुलींच्या शाळेसाठी मुंबईत मुलाखत ठरली. अट एकच, पचनसंस्थेचा तक्ता अरबी नावांसह आणायचा आणि त्यावर पाठ घ्यायचा. ती नोकरी मला हवीच होती. कोयनानगरच्या पलीकडचं जगही मी धड पाहिलेलं नव्हतं.

पुस्तकातल्या आकृतीवरच्या इंग्रजी नावांवर पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवून मी ती फोटो स्टुडिओत दिली. मोठी प्रत आली. नावं लिहायला आमच्या गल्लीतले मौलवीसाहेब बसले. त्यांचं अरबी पक्कं, पण धर्मग्रंथांचं. म्हणून मिरजेत डॉक्टरकी शिकणाऱ्या एका अरब विद्यार्थ्याकडून त्याचं शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक मी मागून आणलं होतं. यकृताला कबिद, जठराला मइदा इथपर्यंत सुरळीत चाललं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापाशी मौलवीसाहेब अडले.

"बाई, ह्यो तर बाराचा आकडा हाय. आकडा कवा अवयव झालाय व्हय?"

पण पुस्तकात तसंच होतं, अल-इस्ना अशर. बारा बोटांच्या रुंदीएवढी लांबी, म्हणून ते नाव. 'ड्युओडेनम' या इंग्रजी नावातही तेच बारा लपलेत हे आठवलं आणि मी लहान मुलीसारखी खूश झाले. मौलवीसाहेबांनी नाखुशीनंच लिहिलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी तक्ता भिंतीवर लावून मी पाठाची तालीम केली. 'कबिद' म्हणत स्वतःच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. चित्रातला माणूसही माझ्यासारखाच वर्गाकडे तोंड करून उभा होता, आणि त्याचं यकृत त्याच्या डाव्या बरगडीखाली!

धावत स्टुडिओत गेले.

"आवं बाई, नावांच्या रेघा समद्या उजवीकडं जात हुत्या," स्टुडिओवाला म्हणाला. "अरबी उजवीकडनं डावीकडं लिवत्यात न्हवं? रेघा डावीकडं आल्या की लिवायला सोपं, म्हून निगेटिव्ह पालथी घातली."

इतक्या समजूतदार माणसावर रागावणार तरी कसं? त्यानं तिथल्या तिथं सुलट प्रत काढून दिली. पण मौलवीसाहेब लग्नासाठी कवठे महांकाळला गेलेले. मग जुन्या प्रतीवर बघून एकेक अक्षर मीच उतरवलं. रेघा आता उजवीकडे, म्हणून जागेचा अंदाज घेऊन लांबून सुरुवात करायची आणि रेघेपाशी येऊन थांबायचं. एकही आकार ओळखीचा नव्हता, तरी प्रत्येक अक्षर पुढच्याला कसं हात देतं ते बघताना भीती कमी झाली.

मुलाखतीत पाठ संपला. अरब अधिकाऱ्यांनी प्रत्येक नाव बोट ठेवून वाचलं. 'कबिद'पाशी त्यांचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या बरगडीखाली गेला.

"शब्द बरोबर आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "पण हे अक्षर कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

ते हसले. "असू दे. आमच्या मुली तुमचं अक्षर सुधारतील."