दामूतात्यांची अर्धी खिडकी

दामूतात्या गेल्याचा फोन ऑफिसात आला तेव्हा मी कुणाच्यातरी बंगल्याचा जिना काढत होते. फोनवर त्यांची मुलगी संगीता होती, इंदापुरात बँकेत नोकरी करते ती. "ताई, तात्या गेले. चहा पिले, पेपर मागितला, आन्..." मी पेन्सिल ठेवली आणि बारामती स्टँडवरून इंदापूरची एसटी धरली. लासुर्ण्यापर्यंत उसाकडे बघत डोळे पुसत होते, आणि तिथून पुढं मला चक्क हसू यायला लागलं. शेजारची बाई जरा सरकून बसली. पण इलाज नव्हता. या माणसाशी मी सबंध वर्षभर एका भिंतीवरून भांडले होते, आणि त्यातलं एकेक आठवत होतं.

ती भिंत म्हणजे त्यांच्या वस्तीतल्या समाजमंदिराची दर्शनी भिंत. छप्पन्न सालानंतर नव्यानं बौद्ध झालेल्या घरांनी स्वतःच्या हातांनी उभी केलेली. काळा घडीव दगड, चुन्यात बांधलेला. मधे दार आणि दोन्ही बाजूंना चांगल्या दोन पुरुष उंच चढणाऱ्या कमानीच्या खिडक्या. कमानींचे दगड तात्यांच्या वडिलांनी घडवलेले. बाकीच्या भिंती मातीतल्या आणि वर पत्रा, ते सगळं आता फुगून बाहेर यायला लागलं होतं. नोकरीला लागलेल्या पोरांना तिथं दुमजली हॉल हवा होता, वरच्या मजल्यावर अभ्यासिका. म्हाताऱ्यांना त्यांची भिंत हवी होती. मी तेव्हा नुकती पदवी घेऊन आलेली. लोणी भापकरच्या आमच्या घरात आजोबांपर्यंत सगळ्यांनी मेंढरं राखली, त्यामुळे इंजिनिअर झाल्याचा माज थोडा होताच. समितीपुढं मी ऐटीत सांगितलं की पुढची भिंत जागेवर ठेवू आणि मागचं सगळं नवं बांधू. टाळ्या पडतील असं वाटलं होतं. साठीचे दामूतात्या उठले. वस्तीतले सगळ्यात जाणते गवंडी, काम त्यांच्याच हातून होणार होतं.

"बाई, भाईर माझ्या बापाचा दगड आन् आत शिमीट, हे सोंग झालं. येकतर सगळं दुरुस्त करा, न्हायतर सगळं उतरवा. नंबर टाकून दगड उतरवतो, परत रचून देतो."

मी म्हटलं, उतरवून रचलेली भिंत ही तीच भिंत नव्हे. त्या माणसांनी भरलेला चुना, त्यांनी बसवलेले सांधे, सगळं जाईल.

"आन् पाठ काढून घेतल्याव ती तीच ऱ्हाती व्हय?"

मी नकाशा गुंडाळून पुन्हा उलगडला. तीन बैठका झाल्या, चहाची भांडी रिकामी झाली, आणि शेवटी दोन-चार माणसांच्या फरकानं माझ्या बाजूची सरशी झाली. तात्यांनी काम घेतलं, पण मला बजावलं की भिंत पडली तर ते वडिलांच्या फोटोसमोर जाणार नाहीत, मला पाठवतील.

त्यांची भीती खरी होती. अशी भिंत स्वतःच्या जोरावर उभी नसते. मागच्या आडव्या भिंती आणि छप्पर तिला धरून असतात. ते काढलं की वाऱ्याच्या एका झोतात ती पुढं किंवा मागं जाऊ शकते. आतून टेकू लावले तर नवं काम अडतं, म्हणून रस्त्याच्या बाजूनं लावले. भंगारातून आणलेल्या लोखंडी गर्डरांचे तिरके टेकू, त्यांच्या पायावर दगडांनी भरलेल्या पेट्यांचं वजन, आणि भिंत मागं झुकू नये म्हणून दोन्ही अंगांना आडव्या फळ्या ठेवून खिडक्यांमधून आरपार आवळलेले बोल्ट. खिडक्यांची पोकळी तात्पुरत्या विटांनी भरून घेतली. मग मागच्या भिंती वरून खाली, हातानं, दोन्हीकडून सारख्या उतरवल्या. दर्शनी भिंतीला चिकटलेले त्यांचे हातभर खुंट तात्यांनी मुद्दाम शेवटपर्यंत ठेवले. जुन्या भेगांवर आम्ही काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकणार. पैज लागली: काच तडकली तर मी हरले आणि भिगवणची चिलापी मासळी मी खिलवायची, नाही तडकली तर तात्यांनी.

एके सकाळी काच तडकलेली! तात्या वर बघत उभे राहिले आणि शांतपणे शिडी चढले. जयंतीचा भलामोठा कापडी फलक पोरांनी आमच्याच टेकूंना ताणून बांधला होता, आणि रात्रभर त्याच्यात वारा भरून गर्डर ओढले जात होते. तात्यांनी दोर सोडले, फलक समोरच्या दोन खांबांना स्वतः बांधून दिला, वर त्याला वाऱ्यासाठी भोकंही पाडली. चिलापी मात्र मलाच आणावी लागली. काच तडकली म्हणजे तडकली, असं ते म्हणाले, आणि काटे काढून देत मलाच जास्त वाढलं.

नंतर आतल्या बाजूचा जुना गिलावा उकरायचं काम आलं. एका दुपारी तात्या बांबूच्या पहाडावर, डाव्या कमानीपाशी, बराच वेळ बसून होते. मी खालून हाक मारली तर "ऊन लागलं" म्हणाले. आणि त्याच आठवड्यात त्यांनी नवं भांडण काढलं.

खिडक्या उंच असल्यामुळे पहिल्या मजल्याचा स्लॅब त्यांना मधोमध कापणार होता. म्हणून मी स्लॅब भिंतीपासून चार फूट मागंच थांबवला होता, नुसते पोलादी हात पुढं काढून भिंत धरायची. तात्या म्हणाले, स्लॅब भिंतीपर्यंत न्या. म्हणजे सोंग म्हणणारा माणूसच आता आत-बाहेर जोडायला निघाला! मी चिडले, बाहेरून अर्ध्या खिडकीत सिमेंटची कड दिसेल म्हटलं.

"दिसू द्या. भिंतीचा हात धराया सगळी जमीन पायजे. लांबून बोटं लावून न्हाय भागत."

समितीला चार फूट जागा फुकट जात होती, सगळे त्यांच्याकडे गेले. मी एकाच गोष्टीवर अडले. स्लॅबचं ओझं भिंतीवर टाकायचं नाही. नव्या खांबांचा पाया वेगळा, तो थोडा बसणार, जुनी भिंत बसून झालेली. घट्ट जोडलं तर भेगा ठरलेल्या. त्यामुळे मधे इंचभर फट, त्यात डांबरी बोर्ड, आणि लांबट भोकांचे लोखंडी पट्टे. भिंत पुढं-मागं जाऊ नये, पण दोघं खाली-वर मोकळे. हे तात्यांनी मान डोलावून ऐकलं आणि माझ्याहून नीट केलं. टेकू काढले त्या दिवशी भिंत केसभरही हलली नाही. नवी लावलेली धरून सगळ्या काचा शाबूत.

खिडकी मात्र अर्धीच झाली. वरच्या मजल्यावर ती थेट जमिनीपासून सुरू होते. तात्या रोज दुपारी तिथं, डाव्या खिडकीशी, खाली बसून पेपर वाचायचे. पोरं खुर्ची आणून द्यायची, ते नको म्हणायचे. "हितनं रस्ता दिसतो, रस्त्याला मी दिसत न्हाय," म्हणायचे. मी भेटायला जायची, पण त्या खिडकीच्या रागानं कधी बसले नाही. उभ्यानंच बोलायची.

गेल्या आठवड्यात संगीतानं मला तिथं नेलं. तात्यांचं बसकर अजून तिथंच होतं. "ताई, जरा टेका की," म्हणाली. टेकले. डोळ्यांसमोर कमानीचा पहिला दगड आला, आसपास सगळीकडे गिलावा, तो एकटा उघडा ठेवलेला. त्यावर अंगठ्याएवढं पिंपळपान कोरलेलं, छिन्नीनं, घाईत.

"आज्यानं कोरलंय. बौद्ध झाल्याव पयलाच दगड घडवला त्यो," संगीता म्हणाली. "तात्यांना ठावं होतं कुठंतरी हाय म्हनून. गिलाव्याखाली गावलं. पण जमिनीपासून धा-बारा फूट वर... स्लॅब पार भिंतीपातुर आल्याबिगर हात कसा पोचणार?"

मी हसले, आणि हसता हसता भरून आलं. जगातल्या सगळ्या कारणांनी त्या माणसानं मला हरवलं होतं आणि खरं कारण तेवढं सांगितलं नव्हतं. पानाचा देठ बोट फिरून फिरून गुळगुळीत झाला होता. मी त्यावर अंगठा ठेवला. खाली रस्त्यावरून माणसं जात होती, कुणीही वर बघितलं नाही.