घरी असणं आणि रिकामं असणं

सोलापुरात आम्ही तिघी भाड्याच्या एका फ्लॅटमध्ये राहायचो. एक मंगळवेढ्याची, दवाखान्यात नर्स. तिची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. दुसरी टेंभुर्णीची, पतसंस्थेत कारकून. सकाळी गेली की संध्याकाळीच उगवायची. तिसरी मी, सांगोल्याची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. म्हणजे माझ्या मते भावी अधिकारी आणि बाकी जगाच्या मते बेकार.

सुरुवातीला आम्ही कामं अगदी सारखी वाटून घेतली. एक दिवस एकीचा, त्या दिवशीचा स्वयंपाक, भांडी, झाडू सगळं तिचं. पहिल्याच आठवड्यात नर्सबाईचा दिवस आणि तिची डबल ड्यूटी एकत्र आली. ती परतली तेव्हा सिंकमधल्या भांड्यांना वास सुटला होता. ती पिठाच्या डब्याला टेकून बसली आणि बसल्या बसल्याच झोपली. तिला हलवून ‘आज तुझी पाळी’ म्हणायची आमची छाती झाली नाही. भांडी शेवटी मीच घासली.

मग कारकूनबाईनं तोडगा काढला. ‘‘जिला येळ हाय तिनं करायचं. आपण काय परक्या हाय का?’’

ऐकायला गोड होतं. मी मान डोलावली आणि स्वतःच्या हातानं गळ्यात धोंडा बांधून घेतला. कारण वेळ कुणाला? जी घरी दिसते तिला. दूध मी, गॅसवाला मी, कुरिअर मी, दळण मी. शिवाय पाणी. आमच्या भागात पाणी रोज येत नाही, आणि येतं त्या दिवशीही त्याची वेळ पाहुण्यांसारखी, सकाळ सांगून दुपारी. घरी असेल तिनं पाईप लावून पिंपं भरायची. मी इतिहासाचं पुस्तक उघडलं रे उघडलं की नळ खाकरायचा. पानिपत मी चार वेळा सुरू केलं, एकदाही हरेपर्यंत पोचले नाही.

एकदा माझी सराव परीक्षा होती. मी अभ्यासिकेत, त्या दोघी कामावर, आणि पाणी येऊन गेलं.

संध्याकाळी कारकूनबाई कोरड्या पिंपात डोकावून गरजली, ‘‘तू घरीच आसतीस की गं! एवढं एक काम जमंना?’’

‘‘परीक्षा होती माझी.’’

‘‘सरावाचीच की. पगार कापला का कुणी तुजा?’’

माझं डोकंच सणकलं. बापानं डाळिंबाच्या पैशातून मला इथं ठेवलं होतं, पिंपाची राखण करायला नव्हे. ‘‘मी घरी असते, रिकामी नसते!’’ मी ओरडले आणि लगेच रडूही आलं. त्याचा तर मला जास्तच राग आला.

नर्सबाई बाटलीभर पाण्यात तोंड धूत होती. साबणातूनच म्हणाली, ‘‘वाचणं काम हाय का न्हाय, त्ये आदी ठरवा. भांड्याचं मग बगू.’’

ठरवायला बसलो. कारकूनबाईचं म्हणणं, ‘‘हिचं निम्मं वाचणं म्हंजे पुस्तकावर डोकं ठिवून झोपणं.’’ खोटं नव्हतं. मी विचारलं, ‘‘आणि तुमच्या पतसंस्थेतला चहा, त्या गप्पा? ते कामातच धरतेस ना?’’ तेही खोटं नव्हतं. शेवटी नोकरी, जाणं-येणं, अभ्यास, चहा, डुलक्या सगळंच कामात धरलं. वर घरकामाची वाटणी अशी करायची, की लोळायला तिघींना साधारण सारखाच वेळ उरावा. तसा हिशोब केल्यावरही माझ्याकडे वेळ थोडा जास्त निघाला, म्हणून घरकामही थोडं जास्त आलं. त्याबद्दल मी तोंड वाकडं केलं नाही. पण पाण्याची वाट बघत बसणंही पुरं काम धरायचं ठरलं, कारण हातात पुस्तक असलं तरी कान नळाला असतात. पाणी भरेन त्या दिवशी मला भांडी माफ. ज्याला वेळेचं बंधन नाही ते, म्हणजे दळण, बाजार, बाथरूम, कारकूनबाईकडे, संध्याकाळी नाहीतर रविवारी. रात्रपाळीच्या आठवड्यात नर्सबाईनं फक्त स्वतःचं ताट धुवायचं, दिवसपाळीत संध्याकाळच्या भाकरी तिच्या. ड्यूटी बदलली की वाटणी पुन्हा करायची.

कारकूनबाईनं हे ऐकलं, पण कुरकुरत. दर रविवारी बाथरूम घासताना ती आतून मोठ्यानं म्हणायची, ‘‘घासा, अधिकाऱ्यांसाठी घासा!’’ तिनं मनापासून मानलंय असं मला काही वाटत नव्हतं.

असाच एक रविवार. मी आतल्या खोलीत नकाशा पाठ करत होते. नर्सबाईनं दार उघडलं, तर खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई उभ्या. त्यांना लग्नाला जायचं होतं आणि त्यांच्या घरी सुतार यायचा होता. ‘‘त्या तिसरीला पाठव जरा. दिवसभर बसेल आमच्याकडे. ती काय, घरीच असते.’’

मी पेन खाली ठेवलं. घरमालकीणबाईंना नाही म्हणायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती. मी उठणार, तेवढ्यात हातात ब्रश, कोपरापर्यंत फेस अशी कारकूनबाई बाथरूममधून बाहेर आली आणि दारात आडवी उभी राहिली.

‘‘न्हाय जमायचं, काकू,’’ ती म्हणाली. ‘‘ती कामावर हाय.’’