दुधाचा डबा ओट्यावर टेकला की

मध्य प्रदेशातल्या देवासच्या मराठ्यांच्या लग्नात नवरदेव उशिरा आला तर चालेल, पण भास्कररावांशिवाय पान हलत नसे. कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात काढली त्यांनी, पण गावाला ते माहीत होते फेट्यासाठी. वडिलांनी शिकवलेली कला. डोकं कसंही असो, लांबुळकं, चपटं, टक्कल पडलेलं, भास्करराव कापडाला एक झटका देत, शेमला, म्हणजे मागचं टोक, पाठीवर सोडत, आणि शेवटी वरचा तुरा असा खोचत की वऱ्हाडात आलेला पोरगाही सरदार दिसावा.

आणि अशा माणसाचा उजवा खांदा पावसाळ्यात आखडला. साधा नाही, पार गोठला. हात छातीच्या वर जाईना. शर्ट घालायलासुद्धा त्यांच्या पत्नी इंदूबाई लागायच्या. त्यातच शार्दूलचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं, लग्न ठरलं. मुलगी धारची, मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा. गावभराच्या पोरांना फेटे बांधणाऱ्या बापानं स्वतःच्या पोराला बांधू नये, ही गोष्ट भास्कररावांच्या जिवाला लागली.

शार्दूल बिचारा सरळ होता. म्हणाला, "बाबा, टेन्शन मत लो. रेडीमेड मिलता है, टोपीसारखा घालायचा." त्या दिवशी भास्करराव जेवले नाहीत.

ऋजुता नावाची फिजिओथेरपिस्ट होती, बसस्टँडमागे दवाखाना. वय पोरीचं, पण नजर मास्तरणीची. तिनं व्यायाम दाखवले. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं चढायचं, हात लोंबता सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. ताण बसेपर्यंत जायचं, कळ आली की थांबायचं. रोज. भास्करराव हो हो म्हणाले आणि घरी येऊन विसरले. पुढच्या खेपेला तिनं विचारलं तेव्हा त्यांची मान खाली.

"काका, तुम्ही आळशी नाही," ती म्हणाली, "तुम्ही आठवणीवर विसंबता. आठवण दगा देते. जे काम तुम्ही न विचार करता रोज करताच, त्याच्या शेपटीला हे बांधा. ते झालं की हे. आता सांगा, रोज न चुकता काय करता?"

"नळाचं पाणी भरतो," भास्करराव छाती काढून म्हणाले.

आता यात हसण्यासारखं काय, ते देवासवाल्यालाच कळेल. त्यांच्या गल्लीत नळ एक दिवसाआड. आणि आला तरी कधी पहाटे, कधी ऐन आंघोळीत, आणि आला की बादल्यांची अशी धांदल की खांदा कुणाचा आणि भिंत कुणाची. पंधरवडा असाच पाण्यात गेला.

मग त्यांनी ठरवलं, चहानंतर. तेही फसलं. चहा करायच्या इंदूबाई, भास्कररावांच्या हातात तो खुर्चीत यायचा, वर्तमानपत्रासकट. चहा संपला कधी आणि "काय भिया", म्हणजे काय भाऊ, करत शेजारी आला कधी, पत्ताच लागत नसे.

ऋजुता या वेळी जरा तापली. "चहानंतर म्हणजे नक्की कधी, काका? घोट संपल्यावर, कप ठेवल्यावर, की गप्पा संपल्यावर? खूण एका क्षणाची पाहिजे. ती तुमच्या हातानं घडली पाहिजे, आणि भिंत तिथंच हाताशी पाहिजे."

इंदूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "दूध हेच आणतात. लग्न झाल्यापासून. ताप असला तरी जातात. मला दूध आणायला मिळालं नाही कधी."

ऋजुताचे डोळे चमकले. "मग ठरलं. दुधाचा डबा ओट्यावर टेकला की शेजारच्या भिंतीवर बोटं चढवायची. फक्त तीनदा."

"तीनदा? त्यानं काय होणार?"

"हसू येईल इतकं छोटं पाहिजे सुरुवातीला. सवय बसली की वाढवू. आणि झालं की स्वतःला शाबासकी द्यायची. चुकला एखादा दिवस तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. नुसतं परत करायचं."

दुसऱ्या दिवशी डेअरीतून आले, डबा ओट्यावर ठण्‌कन टेकला, आणि बोटं भिंतीवर. तीनदा. मग हळूच स्वतःशी, "जमलं भिया." इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला.

पण जमलं हो. खरंच जमलं. थंडी आली, नळ रुसला, घरी पाहुणे आले, दूध कुठं थांबतंय? आणि दूध आलं की भिंत आलीच. महिन्याभरात डबा टेकल्यावर बोटं आपोआप सरसावायला लागली. मग ऋजुतानं त्याच दोरीला दुसरं बांधलं. भिंत झाली की दूध तापेपर्यंत लंबक. ओट्याला डावा हात टेकून भास्करराव वाकून उजवा हलवत आणि इंदूबाई दुधाकडे कमी, त्यांच्याकडे जास्त बघत. दूध दोनदा उतू गेलं, कुणी कुणाला बोललं नाही.

एकच खोड होती. बोटं चढवताना भास्करराव डोळे मिटून घेत. हात किती वर गेला हे बघायची त्यांना धास्ती वाटायची. ऋजुता म्हणे, "काका, वाढतंय." त्यांना वाटे, पोरगी समजूत घालते. फेट्याचं कापड त्यांनी एकदाही उलगडलं नाही. मनाला बजावलं, लग्नात हसं व्हायला नको, आणि गुपचूप इंदूरचा एक फेटेवाला ठरवून टाकला.

लग्नाआधी घर रंगवलं. सगळ्या भिंती उजळल्या, फक्त ओट्याशेजारची तेवढी पट्टी तशीच, बोटांच्या डागांनी काळवंडलेली. रंगारी विसरला असेल, म्हणून भास्कररावांनी सोडून दिलं.

वऱ्हाड धारला पोहोचलं. लग्नाच्या सकाळी जानवसघरात शार्दूल शेरवानी घालून तयार, डोकं मोकळं, आणि फेटेवाल्याचा पत्ता नाही.

"बाबा, वो अभी तक आया नहीं."

भास्करराव तडक स्वयंपाकघरात घुसले. इंदूबाई पाहुण्यांच्या चहाचं बघत होत्या.

"अगं, फेटेवाला आला नाही. पोराचं डोकं उघडं राहणार."

"येणार नाही तो. घरी त्याचा फोन आला होता, मीच त्याला नको म्हणून सांगितलं."

इंदूबाईंनी शांतपणे दुधाचा मोठा डबा उचलला आणि ओट्यावर ठण्‌कन टेकला.

आणि हात निघाला की. भास्कररावांनी ठरवलं नाही, विचारलं नाही, उजवी बोटं परक्या भिंतीवर चालायला लागली. सवयीनं डोळे मिटले.

"डोळे उघडा," इंदूबाई म्हणाल्या.

उघडले. हात डोक्याच्या वर होता. चांगला वीतभर वर. ते स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले, दुसऱ्याचा असावा तसे.

"घरची ती पट्टी मीच रंगवू दिली नाही," त्या म्हणाल्या. "तुमचे डाग रोज वर सरकत होते. तुम्ही डोळे मिटायचे, मी उघडे ठेवायची. चला आता, पोरगा ताटकळलाय."

भास्करराव धावलेच. बॅगेच्या तळातून इंदूबाईंनीच आणलेलं केशरी कापड निघालं. झटका बसला, शेमला पाठीवर सुटला, वेढ्यावर वेढा चढला. खांदा कुरकुरला, थांबला नाही. शार्दूल स्टुलावर बसायला निघाला तर म्हणाले, "उभा राहा. बाप बांधतोय."

तुरा खोचायला हात वर गेला तेव्हा शार्दूलनं बघितलं, बाबांचे डोळे भरलेले आहेत आणि टक्क उघडे आहेत.

"जमलं भिया," भास्करराव हळूच म्हणाले. दारात उभ्या इंदूबाईंनी या वेळी पदर तोंडाला लावला नाही.